नॅस मंद असता: फाइल कॉपी की आयपर्फ?

रत्नागिरीतील एका फोटो स्टुडिओत नॅसवरून, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावरून, फाइल उतरवताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर अडकत होता. या आकड्यात डिस्क, नेटवर्क आणि फाइल-शेअरिंग तिन्ही मिसळलेले असल्याने दोष कोणाचा, हे त्यावरून ठरत नाही. नेटवर्कचा वेग मोजणारे आयपर्फ मात्र मेमरीतूनच डेटा पाठवते, डिस्कला हातही लावत नाही. नॅसवर `iperf3 -s` चालू ठेवून संगणकावरून आज्ञा दिली:

```
iperf3 -c 192.168.1.20 -R
```

`-R` मुळे डेटा नॅसकडून येतो, म्हणजे वाचनाचीच दिशा तपासली जाते. उत्तर सेकंदाला ९४ मेगाबिट आले, आठाने भागल्यास जवळपास तेच ११. गिगाबिट जोडणी १०० वर उतरली होती. खाऱ्या हवेत गंजलेला कनेक्टर बदलताच ९४० मिळाले. आधीच ९४० आले असते, तर नेटवर्क निर्दोष ठरून डिस्कचा वाचनवेग नॅसवरच मोजावा लागला असता, कारण डिस्कविषयी आयपर्फ काहीच सांगत नाही.