गाडीत कार्बन डायऑक्साइड मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लांबच्या प्रवासात दीड-दोन तासांनी डोळ्यांवर झापड येते, डोके जड होते आणि मागे बसलेली माणसे एकापाठोपाठ एक पेंगू लागतात, याचा दोष मी अनेक वर्षे जेवणाला आणि उन्हाला देत आलो. मात्र गाडीतून उतरून पाच मिनिटे मोकळ्या हवेत उभे राहिले की पुष्कळ बरे वाटे, तेव्हा यात गाडीतल्या हवेचाही वाटा असावा असे वाटू लागले. म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक छोटा मीटर घेतला आणि गेले आठ महिने प्रत्येक लांबच्या प्रवासात तो सोबत ठेवला.

मीटर घेताना तो इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणारा, म्हणजे एनडीआयआर सेन्सरचा आहे, याची खात्री करून घ्यावी. काही स्वस्त मीटर हवेतल्या इतर बाष्पांवरून कार्बन डायऑक्साइडचा निव्वळ अंदाज दाखवतात. गाडीतल्या अत्तराने किंवा सॅनिटायझरनेसुद्धा त्यांचे आकडे उड्या मारतात, त्यामुळे या कामासाठी ते निरुपयोगी आहेत. मी मीटर पुढच्या दोन सीटांच्या मधल्या हातटेकूवर, कोणाचा श्वास किंवा एसीचा झोत थेट लागणार नाही असा ठेवतो.

बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो, तर आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के असतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. मध्यम आकाराच्या गाडीच्या केबिनमध्ये ३ घनमीटर, म्हणजे ३००० लिटर हवा मावते असे धरले, तर चार माणसांचे तासाला ७२ लिटर, म्हणजे मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास होतात. केबिन पूर्ण हवाबंद असती तर आकडा दर मिनिटाला ४०० पीपीएमने चढला असता. प्रत्यक्षात दारांच्या रबरातून आणि इतर फटींतून थोडी हवा येत-जात राहते, म्हणून तो काही वेळाने एका पातळीला स्थिरावतो.

या पातळीचा प्रत्यय मला एका उष्ण रात्रीच्या प्रवासात आला. आम्ही चार प्रौढ होतो, काचा बंद होत्या, एसी चालू होता आणि रीसर्क्युलेशनचे, म्हणजे आतलीच हवा पुन्हा फिरवण्याचे बटण निघतानाच दाबलेले होते. सुरुवातीचे ६५० पीपीएम दहा मिनिटांत ३२०० झाले, वीस मिनिटांत ४३००, आणि चाळीस मिनिटांनी आकडा ५००० च्या आसपास थांबला. पुढे वाहतूक अडल्यामुळे पाऊण तास मुंगीच्या पावलांनी जावे लागले. वेगात असताना फटींतून येणारी हवा आता कमी झाली आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच मीटरने ७५०० दाखवले. मागच्या सीटवरचे दोघे गाढ झोपले होते आणि मी जांभया देत होतो. तेव्हा रीसर्क्युलेशन बंद करून पंखा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेला. पाच-सहा मिनिटांत आकडा ११०० च्या खाली आला, एसी मात्र चालूच होता. एकट्याने त्याच पद्धतीने गाडी चालवली तर आकडा १६०० च्या आसपास राहतो, म्हणजे गाडीत किती माणसे आहेत यावर बरेच अवलंबून असते.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात काचा बंद करून आतली हवा फिरवत ठेवली की काचांवर धुके धरते आणि आपण आपणहून बाहेरची हवा घेतो. उन्हाळ्यात एसी तीच आर्द्रता थंड कॉइलवर पाण्याच्या रूपाने काढून टाकतो, त्यामुळे काच स्वच्छ राहते, हवा गार आणि ताजी भासते, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र तसाच साचत जातो. तो काढून टाकण्याचे सामर्थ्य एसीमध्ये नाही, केबिन फिल्टरमध्ये नाही आणि गाडीत ठेवायच्या एअर प्युरिफायरमध्येही नाही. त्यातच मी थंडावा कमाल केला की माझी गाडी स्वतःहूनच रीसर्क्युलेशन सुरू करते आणि नंतर ते बंद करण्याचे काम माझ्यावर सोडते.

ऑक्सिजन संपतो ही समजूत मात्र सोडून द्यावी. ५००० पीपीएम म्हणजे अर्धा टक्का. तेवढ्याने ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेवीसच्या आसपास येतो आणि त्यात गुदमरण्यासारखे काही नसते. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीची मर्यादाही ५००० पीपीएमच आहे. प्रश्न सतर्कतेचा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १००० आणि २५०० पीपीएमला निर्णयक्षमता घटलेली आढळली, तर नंतरच्या काही प्रयोगांत शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा असा परिणाम दिसला नाही. म्हणून झापड केवळ याच वायूमुळे येते असे मी म्हणणार नाही. बंद हवेतली उष्णता, माणसांच्या शरीरातून निघणारे इतर वायू आणि अपुरी झोप हेही तिला कारणीभूत असतात, आणि मीटरचा आकडा हवा किती शिळी झाली आहे हे सांगणारी खूण म्हणून उपयोगी पडतो.

आता माझी पद्धत अशी झाली आहे. उन्हात तापलेली गाडी थंड करण्यासाठी पहिली आठ-दहा मिनिटे रीसर्क्युलेशन ठेवतो आणि नंतर बाहेरची हवा घेतो. बोगदा, धुराळ्याचा पट्टा किंवा पुढे काळा धूर ओकणारा ट्रक असेल तर तेवढ्यापुरते बटण दाबतो, कारण तिथे बाहेरची हवा घेणे अधिक घातक असते. परंतु चार माणसे असताना ते दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही. बाहेरची उष्ण हवा घेतल्याने एसीवर भार येतो आणि इंधन थोडे जास्त लागते, हे मान्य केले पाहिजे. भर दुपारी मागच्या सीटला थंडावा कमी पोहोचतो, हीसुद्धा खरी अडचण आहे.

पाचव्या महिन्यात बटणावरचा दिवा विझलेला असूनही आकडा ३५०० च्या खाली येईना. पंखा वाढवला तरी फरक पडेना आणि बटण दाबल्यावर ब्लोअरच्या आवाजात एरवी होणारा बदलही ऐकू येईना. गॅरेजमध्ये पाहिले तेव्हा हवेची दिशा बदलणारी झडप अडकलेली निघाली आणि केबिन फिल्टर तर मातीने पार भरलेला होता. मीटर नसता तर हे मला कळले नसते.

मीटरच्याही उणिवा आहेत. माझा मीटर स्वतःहून आधाररेषा जुळवतो, म्हणजे काही दिवसांत दिसलेला सर्वांत कमी आकडा मोकळ्या हवेचा मानतो. मी तो आठवडाभर बंद खोलीत ठेवला आणि त्यानंतर तो सगळीकडे कमी आकडे दाखवू लागला. बाहेर नेऊन पाहिले तर ४०० च्याही खाली, जे शक्यच नाही. मोकळ्या हवेत ठेवून पुन्हा कॅलिब्रेट केल्यावर तो सुधारला, आणि आता दर महिन्याला ही तपासणी करतो. उन्हात डॅशबोर्डवर तो विसरू नये, कारण बॅटरी फुगण्याची भीती असते.

मागच्या महिन्यात रात्री तीनच्या सुमारास मीटर ८५० दाखवत असतानाही माझी मान खाली गेली. त्या दिवशी मी चार तासच झोपलो होतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून मी वीस मिनिटे डोळे मिटून पडलो आणि उरलेला रस्ता मित्राने चालवला.