पाच लाखांचा कॅफे एकवीस लाखांना कसा पडला

नाशिकमधल्या एका जोडप्याने चहा-नाश्त्याच्या एका साखळीची फ्रँचायझी घेतली आणि चौदाव्या महिन्यात दुकानाचं शटर कायमचं ओढलं. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण असेच करार वेगवेगळ्या नावांखाली फिरत आहेत आणि एक नाव टाळून दुसऱ्याच्या जाळ्यात सापडणं सोपं आहे. दुकान बंद झाल्यावर त्यांचा ४२ पानांचा करार फी, क्षेत्र, प्रशिक्षण आणि बाहेर पडण्याच्या अटी अशा चार रकान्यांत उतरवला, तेव्हा जे जे घडलं ते आधीच लिहिलेलं होतं असं दिसलं. हे काम सहीआधी केलं असतं तर एका दुपारचं होतं.

सगळ्यात मोठी गोम होती ती क्रमात. प्रदर्शनातल्या स्टॉलवर 'तुमच्या एरियासाठी आणखी दोन पार्ट्या आहेत' असं सांगून त्यांच्याकडून ५१,००० रुपये बुकिंग घेतलं गेलं. पावतीवर बारीक अक्षरांत 'परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं. करार हातात आला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी. पैसे अडकलेला माणूस करार वाचतो, पण नाही म्हणायला कचरतो. अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, सगळं भारतीय करार कायदा, १८७२ आणि तुमच्या सहीवर चालतं. म्हणून कराराचा मसुदा आधी मागा आणि तो मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. 'करार स्टँडर्ड आहे साहेब, त्यात वाचायला काही नाही' असं सांगणाऱ्याकडून तर मुळीच नाही.

पहिला रकाना फीचा. माहितीपत्रकावर '५ लाखांत स्वतःचा कॅफे' असं होतं. ते ५ लाख म्हणजे फक्त फ्रँचायझी फी. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५.९० लाख झाले. दुकानाची सजावट कंपनीने ठरवलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायची होती, ती करासह ८.२६ लाखांना पडली. यंत्रं २.९५ लाख, कंपनीकडे अनामत १ लाख, पहिला माल १.२० लाख, जागामालकाकडे डिपॉझिट १.५० लाख. बेरीज २०.८१ लाख. यातला एकही आकडा लपवलेला नव्हता, पण प्रत्येक वेगळ्या पानावर होता. सजावटीचा तर मूळ करारात नव्हताच, तो 'कंपनीच्या हँडबुकप्रमाणे' एवढ्यावर सोडलेला होता.

इथे कराची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विक्री करणारा ती सांगत नाही. 'जीएसटी तर परत मिळतो' असं ते बोलतात. पण साधी खाण्यापिण्याची दुकानं ग्राहकाकडून ५ टक्के कर घेतात आणि त्या दराला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे फीवर आणि रॉयल्टीवर भरलेला १८ टक्के कर हा तुमचा सरळ खर्च आहे. रकान्यात प्रत्येक रक्कम करासह लिहा.

रॉयल्टीचं कलम असं होतं: महिन्याच्या एकूण विक्रीच्या ६ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. विक्री करणाऱ्याच्या तोंडी फक्त ६ टक्के होते. या दुकानाची विक्री कर वगळून महिन्याला १,८०,००० च्या आसपास राहिली. त्याचे ६ टक्के होतात १०,८००, पण भरावे लागले १५,०००, आणि करासह १७,७००. शिवाय जाहिरात निधी २ टक्के, करासह ४,२४८. म्हणजे महिन्याला २१,९४८ रुपये, विक्रीच्या १२ टक्क्यांहून जास्त. आता बाकीचे खर्च धरा: माल ६८,४००, भाडं ३०,०००, तीन पोरांचा पगार ४२,०००, वीज आणि गॅस १४,०००. हातात उरतात ३,६५२ रुपये, आणि यात घरपोच ॲपचं कमिशन अजून धरलेलंच नाही. त्यातही 'एकूण विक्री'ची व्याख्या वाचायला हवी होती. ॲपवर दिलेली सूट आणि ॲपचं कमिशन वजा करण्याआधीच्या रकमेवर रॉयल्टी मोजायची असं तिथे होतं. जे पैसे गल्ल्यात आलेच नाहीत, त्यांच्यावरही टक्का द्यायचा. माल कंपनीकडूनच घ्यायचा आणि तोही 'वेळोवेळी कळवलेल्या दराने'. दरवाढीला वरची मर्यादा नसेल तर रकान्यात 'मर्यादा नाही' असं लाल शाईने लिहा.

एवढे पैसे ज्या नावासाठी द्यायचे, ते नाव तरी कंपनीचं आहे का, हे फीच्या रकान्यातच तपासा. ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा शोध फुकट घेता येतो. खाद्यसेवेसाठी वर्ग ४३ पाहायचा. या नावापुढे `Objected` होतं. म्हणजे अर्ज केलेला होता, त्यावर कार्यालयाने हरकत घेतली होती आणि नोंदणी झालेली नव्हती. बोधचिन्हाजवळ इंग्रजी टीएम लावायला फक्त हक्क सांगणं पुरतं. वर्तुळातलं आर मात्र नोंदणीनंतरच लावता येतं.

क्षेत्राचा रकाना सगळ्यात फसवा निघाला. व्हॉट्सॲपवर 'तुमच्या ३ किलोमीटरमध्ये दुसरं आउटलेट देणार नाही सर' असा निरोप होता. करारात मात्र 'क्षेत्र म्हणजे परिशिष्ट ब मध्ये नमूद केलेली जागा' असं होतं आणि परिशिष्ट ब मध्ये फक्त दुकानाचा पत्ता. म्हणजे संरक्षण मिळालं ते त्यांच्याच चार भिंतींना. पुढच्या पोटकलमात कंपनीने मॉल, रेल्वे स्थानकं, पेट्रोल पंप, कॉलेजं आणि ऑनलाइन ऑर्डर हे सगळं स्वतःकडे राखून ठेवलेलं होतं. सातव्या महिन्यात सव्वा किलोमीटरवर त्याच नावाचं फक्त घरपोच देणारं स्वयंपाकघर सुरू झालं आणि ॲपवरच्या ऑर्डरी तिकडे वळल्या. करार मोडला का? नाही.

मग त्या निरोपाचं काय? शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं, ते बहुतेक सगळ्या करारांत असतं: या करारापूर्वीची सर्व तोंडी आणि लेखी आश्वासनं संपुष्टात आली असून हाच संपूर्ण करार आहे. या एका वाक्याने व्हॉट्सॲपवरच्या शब्दांचं वजन जवळपास संपतं. पोलीस ठाण्यातही त्यांना 'हा दिवाणी वाद आहे' असंच ऐकावं लागलं. क्षेत्र खरंच मिळवायचं असेल तर परिशिष्टात नकाशा जोडून रस्त्यांची नावं किंवा पिनकोड लिहून घ्या, अंतर सरळ रेषेत की रस्त्याने ते ठरवा, घरपोच स्वयंपाकघर त्यात येतं असं स्पष्ट लिहा आणि कंपनीने ते मोडलं तर किमान रॉयल्टी बंद होईल अशी अट घाला. परिणाम लिहिलेला नसलेला हक्क कंपनी मनावर घेत नाही.

प्रशिक्षणावर थोडक्यात सांगता येईल. 'पूर्ण ट्रेनिंग आणि सपोर्ट' याचं करारातलं रूप 'कंपनीस आवश्यक वाटेल तेवढं प्रशिक्षण' असं होतं. प्रत्यक्षात मिळाले चार दिवस, तेही कंपनीच्या गावी, राहण्याजेवणाचा खर्च यांचा. या धंद्यात काम करणारी पोरं दोन-तीन महिन्यांत बदलतात. त्यामुळे खरा प्रश्न पहिल्या प्रशिक्षणाचा नसून नंतर आलेल्या पोराला कोण शिकवणार आणि किती पैशांत, हा असतो. इथे दिवसाला २,५०० रुपये आणि प्रवासखर्च असा दर होता. रकान्यात दिवस, माणसं, ठिकाण, खर्च कोणाचा, उद्घाटनाला कंपनीची माणसं किती दिवस थांबणार आणि महिन्याला किती भेटी, एवढं आकड्यांत लिहा. आकडा सापडला नाही तर 'करारात नाही' असं लिहा. हँडबुकही आधी मागून घ्या. 'हँडबुकमधले बदल फ्रँचायझीवर बंधनकारक' असं कलम असेल तर कंपनी उद्या नवं यंत्र घ्यायला लावू शकते.

आता बाहेर पडण्याच्या अटी. करार वाचायला इथूनच सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे, कारण बाकीच्या तीन रकान्यांतलं नुकसान किती काळ सोसावं लागणार, ते इथे ठरतं. मुदत ५ वर्षं, लॉक-इन म्हणजे मध्येच बाहेर न पडण्याचा काळ ३६ महिने, पण तो फक्त फ्रँचायझी घेणाऱ्याला. कंपनी ३० दिवसांच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडू शकत होती. लॉक-इनमध्ये दुकान बंद केलं तर उरलेल्या महिन्यांची किमान रॉयल्टी द्यायची. १४ महिन्यांनंतर उरले २२. गुणिले १५,००० म्हणजे ३,३०,०००. अनामतीचा १ लाख त्यात वळता करून उरलेल्या २,३०,००० ची नोटीस आली. यंत्रं परत घेण्याबद्दल एक शब्द नव्हता. दुकान दुसऱ्याला चालवायला द्यायचं तर कंपनीची संमती आणि २.५ लाख हस्तांतर फी.

अशी नोटीस आली की घाबरून पैसे भरू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई मिळते ती वाजवी. करार संपल्यानंतर दोन वर्षं पाच किलोमीटरमध्ये तसा धंदा करायचा नाही, ही अटही कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. करार चालू असताना मात्र तशी बंदी चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कोका-कोलाच्या प्रकरणात मान्य केलं आहे. पण हे सगळं मांडायचं कुठे? करारात लवादाचं ठिकाण दिल्ली होतं आणि एकमेव लवाद कंपनी नेमणार होती. अशी एकतर्फी नेमणूक न्यायालयात आव्हान देऊन पाडता येते. मात्र त्यासाठी वकील, तारखा आणि प्रवास लागतो, आणि कंपनीचा भरवसा त्याच खर्चावर असतो.

अजून एक फट सहज नजरेतून सुटते. फ्रँचायझी ५ वर्षांची आणि गाळा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. मालकाने मुदत वाढवली नाही तर? या करारात ते 'दुकान चालवण्यात कसूर' ठरत होतं. म्हणून गाळ्याचा करार निदान लॉक-इनइतका लांब करा, किंवा जागा गेली तर दंडाशिवाय स्थलांतर करता येईल असं कलम घ्या.

'करार सगळ्यांना एकच असतो, बदल होत नाही' असं उत्तर ठरलेलं आहे. मूळ करार बदलू नका म्हणावं, शेवटी एक वेगळं परिशिष्ट जोडा आणि 'विसंगती आल्यास हे परिशिष्ट ग्राह्य' अशी ओळ घाला. त्यात कमीत कमी चार गोष्टी हव्यात: लॉक-इन १२ महिने, त्यानंतर दोघांनाही ९० दिवसांची नोटीस, अनामत ३० दिवसांत परत आणि यंत्रं घसारा वजा करून कंपनीने परत घेणं. त्यावर दोन्ही बाजूंची सही आणि शिक्का झाल्यावरच चेक लिहा.