‘आन्सर की चुकलीय’ लिहायचं की ‘दोन्ही बरोबर’? पीतांबरच्या प्रश्नावरचे दोन ईमेल

परीक्षेतला प्रश्न एका ओळीचा होता. ‘पीतांबर’ या शब्दाचा समास ओळखा. पर्याय द्वंद्व, कर्मधारय, अव्ययीभाव, बहुव्रीही. मी कर्मधारय केलं, पहिल्या आन्सर कीमध्ये बहुव्रीही आलं, आणि डोकं फिरल्यावर मी बोर्डाला हरकत म्हणून पाठवायला दोन वेगवेगळे ईमेल लिहून काढले. तुमचाही असाच प्रश्न अडकला असेल तर दोन्ही बघा आणि मग ठरवा.

पहिल्यात मी लिहिलं होतं, ‘आपण दिलेलं उत्तर चुकीचं आहे. पीतांबर म्हणजे पिवळं असं वस्त्र, म्हणून कर्मधारय. कृपया पर्याय 2 बरोबर धरावा.’ छोटा, ठसक्यात, लिहिताना बरं वाटतं. पण यात तुम्ही स्वतःच्या अंगावर नको ते ओझं घेता, कारण आता कर्मधारय बरोबर आहे एवढं दाखवून भागत नाही, बहुव्रीही चूक आहे हेपण सिद्ध करावं लागतं. ते होणारच नाही. ‘पीत आहे अंबर ज्याचे तो’, म्हणजे विष्णू, हा विग्रह कितीतरी पुस्तकांत आहे. तपासणाऱ्याने ते पान उघडलं की तुमचा ईमेल तिथेच संपला.

दुसरा असा: ‘प्रश्नात वाक्य दिलेलं नाही. ‘ते पीतांबर नेसून पूजेला बसले’ इथे शब्द वस्त्राचा आहे, विग्रह ‘पीत असे अंबर’, म्हणून कर्मधारय. ‘पीतांबर’ हे विष्णूचं नाव म्हणून घेतलं तर दोन्ही पदांबाहेरचा तिसराच प्रधान, म्हणून बहुव्रीही. संदर्भाशिवाय यातलं एकच निवडता येत नाही, म्हणून पर्याय 2 आणि 4 दोन्ही ग्राह्य धरावेत किंवा प्रश्न रद्द करावा.’ इथे बोर्डाला त्यांचं उत्तर मागे घ्यायला लावत नाही आपण, फक्त दार थोडं मोठं करा म्हणतोय.

याला बोर्डाकडून एकच खरं उत्तर येऊ शकतं, ते म्हणजे ‘सर्वांत योग्य पर्याय निवडा अशी सूचना होती’. म्हणून एक वाक्य आधीच घालून ठेवा की मराठीत रोजच्या वापरात पीतांबर म्हटलं की आधी नेसायचं वस्त्रच डोळ्यासमोर येतं, शब्दकोशातही तो अर्थ आहे, त्यामुळे कर्मधारयला कमी योग्य म्हणायला आधार नाही. (इथे मोह होतो की मग कर्मधारयच जास्त योग्य असंही लिहून टाकावं. नका लिहू, परत पहिल्या ईमेलवर जाल.)

आता मार्कांचं. समजा प्रश्नाला 1 मार्क आहे आणि चुकीला पाव मार्क कापतात. आत्ता माझे वजा 0.25 आहेत आणि बहुव्रीहीवाल्यांना 1, म्हणजे फरक 1.25. की बदलून पर्याय 2 झाली तर हाच 1.25 उलटा होतो, आणि ज्यांचं 4 होतं ते सगळे आपले पुरावे घेऊन भांडायला येणार. दोन्ही ग्राह्य धरले तर आम्ही दोघं 1 वर. प्रश्न रद्द होऊन कुणालाच मार्क नाही किंवा सगळ्यांना सारखेच, तरी त्यांच्या-माझ्यातला फरक शून्यच. मला हे आधी लक्षातच आलं नव्हतं, बहुव्रीहीवाल्यांच्या तुलनेत या दोन्हीत काही फरक नाही. फरक पडतो तो ज्यांनी प्रश्न सोडून दिला त्यांच्याशी, दोन्ही ग्राह्य झालं तर त्यांच्यापुढे 1 मार्क, रद्द झालं तर काहीच नाही. म्हणून मागणी लिहिताना ‘दोन्ही ग्राह्य’ आधी आणि ‘रद्द’ नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवलाय.

पुरावा म्हणून क्लासच्या नोट्स जोडू नका, मान्य व्याकरणाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, आवृत्तीचं पान आणि ते नेमकं पान असे फोटो द्या. आणि दुसऱ्या ईमेलला कर्मधारयचं एक, बहुव्रीहीचं एक, अशी दोन्ही बाजूंची पानं लागतात. स्वतःविरुद्धचं पान जोडायला जीवावर येतं, पण सगळं वजन त्यातच आहे.

पण प्रत्येक शब्दावर हे चालणार नाही. ‘लंबोदर’ घेतलं तर मराठीत कुणी नुसत्या मोठ्या पोटाला लंबोदर म्हणत नाही, तो गणपतीच, त्यामुळे तिथे ‘लंब असे उदर’ म्हणून भांडलात तर हसं होईल. दोन्ही अर्थांची साधी, खरी वाटणारी वाक्यं सुचतायत का बघा. एकाचं ओढूनताणून करावं लागत असेल तर पाठवू नका. प्रश्नातच ‘विष्णू या अर्थी’ असं लिहिलेलं असेल तरी विषय संपला.

मी दुसरा पाठवला. त्याआधी हरकत ईमेलने घेतात की फक्त ऑनलाइन लिंकवर, हे सूचनेत वाचून घेतलं, आणि विषयाच्या ओळीत प्रश्न क्रमांकासोबत संच कोड टाकला, कारण चार संचांत हाच प्रश्न चार नंबरांवर असतो आणि नुसता ‘प्रश्न 37’ लिहिलं तर समोरचा भलताच प्रश्न उघडून बसतो.