ॲक्सिडेंटनंतर गाडी परत हातात घ्यायची आहे: स्वतःच, ड्रायव्हिंग स्कूल की काउन्सेलर?

साताऱ्याहून परत येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो ना, तिथे ट्रॅफिकमध्ये उभे असताना मागून टेम्पोने आम्हाला ठोकलं. मार फार लागला नाही, मान आठ-दहा दिवस धरली होती, पण नंतर गाडी काढायची म्हटलं की पोटात गोळा. चार महिने मी रिक्षाने फिरले. मग तिन्ही प्रकार करून बघितले, तुम्ही यातलं काय करावं या विचारात असाल तर माझं मत असं.

ड्रायव्हिंग स्कूलपासून सुरुवात करते कारण सगळे तेच सुचवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी बसायचं धाडस होतं हे खरं. पण तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम तुम्हाला गाडी येते की, मी काय शिकवू?" आणि ते बरोबरच होतं. माझी भीती गाडी येत नाही ही नव्हतीच, मागून कोणीतरी येऊन धडकेल ही होती. वर त्यांच्या ब्रेकच्या भरवशावर मी निवांत, स्वतःच्या गाडीत बसले की परत हात थंडगार. चूक तुमची झाली असेल, किंवा क्लच, चढ, रिव्हर्स यातच आधीपासून कच्चे असाल तर मात्र स्कूलच घ्या, आठवडाभरात फरक कळतो.

स्वतः टप्प्याटप्प्याने करणं फुकट आहे पण त्याला चिकाटी लागते, आणि इथेच बहुतेक जण गडबड करतात (मी पण केली). कागदावर सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करायची आणि प्रत्येकासमोर भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. माझं असं होतं: पार्किंगमध्ये इंजिन चालू करून नुसतं बसणं ३, सोसायटीत चक्कर ४, रविवारी सकाळी साडेसहाला डेअरीपर्यंत ५, संध्याकाळचा सिंहगड रोड ७, हायवेचा सर्व्हिस रोड ८, आणि तो उतार १०. एक टप्पा दोन-तीनच्या आसपास येईपर्यंत रोज तोच करायचा, मगच पुढचा.

मी काय केलं, सिंहगड रोडला सिग्नलवर मागे बस येऊन थांबली, छाती धडधडायला लागली आणि पहिल्या गल्लीत वळून घरी आले. घरी आल्यावर इतकं हायसं वाटलं की दुसऱ्या दिवशी सातचे नऊ झाले, कारण मेंदूने हेच शिकून घेतलं की पळालो म्हणून वाचलो. खरं तर तिथेच बाजूला गाडी लावून धडधड निम्म्यावर येईपर्यंत बसायला हवं होतं, मला नंतर वीस-पंचवीस मिनिटं लागायची, आणि मग ठरलेला रस्ता पुरा करायचा. दुसरी मेख म्हणजे आपण नकळत धरलेले आधार. मी दर दोन सेकंदाला आरशात बघायचे, पंचवीसच्या वर जायचे नाही, नवरा शेजारी असल्याशिवाय निघायचे नाही. मार्क कमी दिसायचे पण ते नवऱ्याचे मार्क होते! टप्पा सोपा झाला की त्यातला एकेक आधार काढायचा, तो वेगळा टप्पाच धरायचा.

आता काउन्सेलर. मी उशिरा गेले, आधी जायला हवं होतं. ॲक्सिडेंटला महिना उलटून गेला तरी स्वप्नात तेच दिसतंय, हॉर्न ऐकला की आपण परत तिथेच आहोत असं होतंय, नुसतं शेजारी बसूनही घाम फुटतोय, तर यादी एकट्याने करत बसू नका. गाडी चालवणाऱ्यालाच नाही, मागच्या सीटवर बसलेल्यालाही हे होतं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्यांनी ट्रॉमावर काम केलंय असे शोधा, साधारण आठ-बारा सेशन्स लागतात. तिथे तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलून घेतात, नुसतं धीर देत नाहीत. मी दरवेळी "धडकला" इथेच थांबायचे, त्यांनी त्याच्या पुढचं बोलायला लावलं, की टेम्पोवाला खाली उतरला, पाणी दिलं, आम्ही दार उघडून बाहेर आलो. ते मी कधी आठवलंच नव्हतं. खर्च परवडत नसेल तर सरकारची टेलि-मानस आहे, १४४१६ ला फोन करा, मराठीत बोलतात.

आणि कोणी "झोपेची अर्धी गोळी घेऊन चालव" म्हटलं तर ऐकू नका, गुंगीत गाडी चालवणं हा दुसरा ॲक्सिडेंट. चक्कर येतेय किंवा मान पूर्ण वळत नाही असं असेल तर आधी डॉक्टरांचा होकार, मग हे सगळं.

माझ्यासाठी सेशन्स आणि यादी एकत्र हे जमलं, स्कूलचे पैसे वाया. सध्या सर्व्हिस रोड एकटीने, गाणी लावून, तीनवर आहे. उतार अजून फक्त शेजारच्या सीटवरून केलाय, सहा.