नवी गाडी घ्यायची की चार वर्षं जुनी? किंमत कशी घसरते त्यावर ठरतं

वारज्याहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माझ्या मावसभावाला गाडी घ्यायचीये, नवी १० लाखांची की तीच गाडी चार वर्षं वापरलेली, यावर घरात आठवडाभर चर्चा चालू आहे. तो म्हणतो, गाडीची किंमत दरवर्षी लाखभर कमी होतेच, मग नवीच घेऊ ना, नुकसान तेवढंच. हे "दरवर्षी तेवढंच" म्हणणं कुठे चुकतं ते आकड्यांत बघू.

समजा गाडी आठ वर्षांनी २.७२ लाखांना जाते. हा आकडा दरवर्षी १५ टक्के घट धरून आलाय. आता त्याच शेवटाला पोचायचं पण दरवर्षी सारखी रक्कम कमी करायची, तर ७.२८ लाख भागिले आठ, म्हणजे वर्षाला साधारण ९१ हजार. सुरुवात सारखी, शेवट सारखा, मधलं बघा (किंमत लाखात):

| वर्ष | दरवर्षी १५ टक्के | दरवर्षी सारखी घट |
|---|---|---|
| ० | १०.०० | १०.०० |
| २ | ७.२३ | ८.१८ |
| ४ | ५.२२ | ६.३६ |
| ६ | ३.७७ | ४.५४ |
| ८ | २.७२ | २.७२ |

सगळ्यात जास्त फरक चौथ्या वर्षाच्या शेवटी पडतो, १.१४ लाख. कारण टक्केवारीत पहिल्या वर्षी दीड लाख जातात, मग सव्वा लाखाच्या आसपास, चौथ्या वर्षी ९२ हजार, आणि पाचव्यापासून घट ९१ हजारांच्या खाली येते, म्हणजे तिथून पुढे दोन्ही रकाने पुन्हा जवळ यायला लागतात.

आता भावाचा प्रश्न. सारख्या घटीच्या हिशोबाने नवी घेऊन चार वर्षं वापरा किंवा चार वर्षं जुनी घेऊन पुढची चार वर्षं वापरा, नुकसान दोन्हीकडे ३.६४ लाखच. म्हणून तर त्याला नवी बरी वाटते. टक्केवारीने मात्र नव्या गाडीवर चार वर्षांत ४.७८ लाख जातात आणि जुनीवर फक्त अडीच लाख. मधले २.२८ लाख, म्हणजे वर्षाला ५७ हजार, हे जुनीच्या रिपेरिंगचं बजेट समजा. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शन हे सगळं धरून दरवर्षीचा जादा खर्च त्याच्या आत बसला तर जुनी परवडली. बसत नसेल, गाडी खूप पळालेली असेल किंवा सर्व्हिस रेकॉर्डच नसेल, तर नवी घ्यावी, माझा त्याला विरोध नाही.

पण आपल्याला हवं ते मॉडेल खरंच टक्केवारीनं घसरतंय का, हे बघायला तेच मॉडेल, तेच व्हेरियंट घ्यायचं आणि तीन, पाच, सात वर्षं जुन्या गाड्यांचे पुण्यातलेच भाव लिहून काढायचे. समजा भाव निघाले ६.२०, ४.५० आणि ३.२५ लाख. वजाबाकी केली तर घट १.७० आणि १.२५, सारखी नाही. भागाकार केला तर ०.७३ आणि ०.७२, जवळपास सारखा. भागाकार सारखा आला की टक्केवारी, वजाबाकी सारखी आली की सारखी घट. ०.७२ दोन वर्षांचं आहे, त्याचं वर्गमूळ ०.८५, म्हणजे वर्षाला १५ टक्के. मग कुठल्याही वर्षाची किंमत एक्सेलमध्ये काढता येते, चार वर्षांची अशी:

```
=1000000*0.85^4
```

इथे दोन घोटाळे हमखास होतात. एक म्हणजे १५ टक्के गुणिले पाच करून "७५ टक्के गेले, अडीच लाख राहिले" म्हणणं. दरवेळी १५ टक्के उरलेल्या किमतीवर लागतात, त्यामुळे पाच वर्षांनी ४.४४ लाख उरतात. अशा हिशोबाने विकणारा माणूस जवळपास दोन लाखांना बसतो! दुसरा घोटाळा इन्शुरन्सच्या कागदाचा. पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या लिस्ट प्राइसवरून ठरलेल्या टप्प्यांनी उतरते, दोन ते तीन वर्षांना ३० टक्के, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. म्हणजे ती बऱ्यापैकी सारख्या घटीसारखी चालते, आणि चार वर्षं पूर्ण व्हायच्या जरा आधी आपल्या १० लाखांच्या गाडीला ६ लाख दाखवते. विकणारा तो कागद पुढे करून "बघा, ६ लाखांची गाडी आहे" म्हणाला तर ऐकून घ्या, पण भाव बाजाराचाच लावा.

सारखी घट अगदीच टाकाऊ नाही हं. गाडी आठ वर्षं स्वतःच वापरणार आणि पुढच्या गाडीसाठी पैसे बाजूला टाकायचे, तर मधल्या किमतीशी आपलं काही देणंघेणं नसतं, दरमहा साधारण ७,६०० रुपये बाजूला टाकले की आठ वर्षांनी गेलेली किंमत भरून निघते. पण मध्येच विकायची शक्यता असेल तर टक्केवारीच धरा, आणि तीही १५ वर्षांपर्यंत ताणू नका. तिथे आरटीओत फिटनेस आणि रजिस्ट्रेशन रिन्यू करायचा खर्च येतो, आणि किंमत कुठल्याच सूत्राचं ऐकत नाही, गाडीच्या कंडिशनवर आणि भंगाराच्या भावावर जाते.