मेलोडाइन असिस्टंट आणि साधा डी-एसर: गणपतीपासून आंब्याच्या मोसमापर्यंत वापरून

मालवणजवळच्या आमच्या कौलारू घरात वहिनीचा आवाज रेकॉर्ड करतो. भावगीतं, भजनं, कधी स्वतः रचलेल्या चाली. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, त्यात एआरए या जोडणीने बसवलेलं, सूर दुरुस्त करणारं मेलोडाइन असिस्टंट आणि टोचणारा 'स' मऊ करणारा एक फुकटातला डी-एसर एवढंच सामान आहे. गणपतीनंतर घेतलं होतं, आता पुरेसं वापरून झालंय म्हणून लिहितो.

आधी 'स'चं बघू. स्वस्त कंडेन्सर माईकमध्ये वरच्या पट्टीत उठाव असतो, त्यामुळे 'स' कानात टोचतो. त्यावर पहिला उपाय प्लगइन नव्हेच. माईक तोंडासमोर सरळ न धरता थोडा बाजूला तिरपा करा आणि वीतभर अंतर ठेवा. 'स'चा झोत सरळ रेषेत जातो, तो माईकला चुकवला की निम्मं काम तिथेच झालं.

उरलेल्याचं उदाहरण देतो. आमच्या एका चालीत ओळ आहे, 'सांज सरे, शीड हले'. डी-एसर ७ किलोहर्ट्झच्या आसपास लावला की 'सांज सरे' मऊ होतं, पण 'शीड'मधला 'श' तसाच बोचतो, कारण 'श'ची ऊर्जा खालच्या पट्टीत, साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झला असते. फक्त 'स' धरून बनवलेले प्रीसेट पुरत नाहीत ते इथे. पट्टा रुंद करून 'श' पकडायला गेलात तर आवाजातली स्पष्टताच जाते. म्हणून मी डी-एसर फक्त 'स'साठी ठेवतो, जोरदार 'स'वर ३ ते ५ डेसिबल कपात होईल इतकाच. 'श' मात्र मेलोडाइनच्या सिबिलंट बॅलन्स टूलने सुटा सुटा खाली घेतो. हे टूल स्वर आणि ऊष्म ध्वनी वेगळे ओळखतं, त्यामुळे अक्षराच्या स्वराला धक्का लागत नाही. कपात जास्त झाली हे कसं ओळखायचं? 'सांज'चं 'थांज' ऐकू यायला लागलं की समजा. आणि डी-एसर कम्प्रेसरनंतर लावा, कारण कम्प्रेसर मोठे स्वर दाबतो आणि 'स' तुलनेने वर येतात. रिव्हर्बला, म्हणजे घुमाऱ्याला, जाणारा आवाजही डी-एसरनंतरचाच हवा, नाहीतर प्रत्येक 'स'ची फवारणी खोलीभर उडते.

आता सूर. हे काम मी या सगळ्याच्या आधी, कोऱ्या आवाजावर करतो. मेलोडाइनच्या करेक्ट पिच या, निवडलेले सगळे सूर एकदम सुधारणाऱ्या मॅक्रोमध्ये दोन स्लायडर आहेत. पिच सेंटर अख्खा सूर जागेवर ओढतो आणि पिच ड्रिफ्ट एकाच सुरात होणारी हळू घसरण सरळ करतो. दोन्ही १०० टक्के करून वहिनीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, 'ह्यो माझो आवाज नाय रे.' खरंच होतं, मींड सपाट होऊन गाणं पेटीवर वाजवल्यासारखं झालं होतं. माझं ठरलेलं माप सेंटर ६० ते ७० टक्के, ड्रिफ्ट २० ते ३०. मॉड्युलेशनला, म्हणजे आवाजातल्या कंपनाला, हात लावत नाही. आपल्या गायकीत जीव तिथेच असतो.

त्याच ओळीत 'हले'चा शेवटचा लांब सूर जवळपास ३० सेंटने उतरला होता, म्हणजे अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा. तो एकटाच निवडला आणि पिच ग्रिड 'नो स्नॅप'वर ठेवून, म्हणजे सूर आपोआप ठरलेल्या स्वरावर चिकटू न देता, कानाने २० सेंट वर सरकवला. उरलेले १० तसेच सोडले, कोणाला कळत नाहीत. त्याआधीच्या 'शीड'मधली छोटी मुरकी मुद्दाम निवडीबाहेर ठेवली. मुरकीचे कण मेलोडाइन कधीकधी वेगळे सूर समजून तोडतं आणि मॅक्रो प्रत्येक कण जवळच्या स्वरावर नेऊन बसवतो. रोबो ऐकू येतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

पेटीची साथ असेल तर मॅक्रो नको, 'नो स्नॅप'वर कानानेच सरकवायला हवं. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापाला क्वचितच असतात. मॅक्रो आवाज ग्रिडवर नेतो, पेटी राहते तिच्या जागी, आणि दोघांत उगाच बेबनाव होतो.

तक्रारी दोन. 'इसेन्शियल' ही स्वस्त आवृत्ती घेऊन फसू नका, त्यात ड्रिफ्ट-मॉड्युलेशनची वेगळी टूल्स नाहीत आणि सिबिलंट बॅलन्सही नाही. 'असिस्टंट' घरगुती खिशाला जडच जातं. दुसरी, पेटी किंवा मृदंग त्याच माईकमध्ये शिरला असेल तर सूर हलवताना मागचा आवाजही हलतो आणि घोगरेपणा येतो. वहिनीने हेडफोन लावून तानपुऱ्यावर एकटीने गायलं तर प्रश्न येत नाही. कौलांवर पाऊस कोसळत असला की मात्र आम्ही रेकॉर्डिंगच करत नाही, तो आवाज कुठल्याच टूलने नीट निघत नाही.