नव्या उत्पादनाची विक्री: अपेक्षित एनपीव्ही पाहावा की संवेदनशीलता?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्याच्या नव्या उत्पादनाचे गणित मांडताना मला दोन पद्धतींतून एक निवडावी लागली: अपेक्षित एनपीव्ही, म्हणजे पुढील रोख आवकेच्या आजच्या मूल्यातून गुंतवणूक वजा करून उरणाऱ्या रकमेची संभाव्यतांनुसार सरासरी, आणि संवेदनशीलता, म्हणजे एखादा अंदाज किती चुकला तर प्रकल्प तोट्यात जातो याचे माप. सुरुवातीची गुंतवणूक ४० लाख रुपये, नगामागे कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे विक्री किंमत वजा बदलता खर्च, ८० रुपये, प्रकल्पामुळे वाढणारा स्थिर खर्च वर्षाला ४ लाख आणि उत्पादनाचे आयुष्य चार वर्षे असा प्रस्ताव होता. १२ टक्के दराने चार वर्षांचा वार्षिकी गुणक, म्हणजे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे एकूण मूल्य, ३.०३७ येतो, कर येथे बाजूला ठेवला आहे.

विक्री विभागाने वार्षिक विक्रीचे तीन अंदाज दिले होते: ३०,००० नग, २४,००० नग आणि १६,००० नग. त्यांचे एनपीव्ही अनुक्रमे २०.७४ लाख, ६.१६ लाख आणि उणे १३.२७ लाख निघाले. ०.३, ०.४ आणि ०.३ या संभाव्यतांनी गुणून बेरीज केली की अपेक्षित एनपीव्ही ४.७० लाख येतो. तोटा होण्याची शक्यता ३० टक्के आहे, हे या मांडणीत स्पष्ट दिसते आणि तो तिचा खरा गुण आहे.

मला खटकले ते संभाव्यतांचे मूळ. ०.३ का आणि ०.४५ का नाही, याचे उत्तर बैठकीत कोणाकडेही नव्हते, कारण अशा उत्पादनाचा पूर्वानुभवच नव्हता. वरच्या अंदाजाची संभाव्यता ०.१५ आणि खालच्याची ०.४५ धरली, तर तोच प्रकल्प सुमारे ४० हजारांनी उणे होतो. शिवाय ४.७० लाख हा आकडा तीनपैकी कोणत्याही परिस्थितीत प्रत्यक्ष हाती येत नाही, आणि प्रकल्प तर एकदाच करायचा असतो.

संवेदनशीलतेत २४,००० नगांचा मधला अंदाज पायाभूत धरला. ६.१६ लाखांच्या एनपीव्हीला कॉन्ट्रिब्युशनच्या वर्तमान मूल्याने, म्हणजे ५८.३१ लाखांनी, भागले की १०.६ टक्के येतात. येथे भाजक म्हणून एकूण विक्रीची रक्कम घेऊ नये. ती किमतीच्या संवेदनशीलतेसाठी असते, कारण नग घटले की त्यांचा बदलता खर्चही वाचतो. अर्थ एवढाच की, वर्षाला सुमारे २१,४६० नगांखाली विक्री गेली, तर प्रकल्प परवडत नाही. हा आकडा विक्रीप्रमुखांपुढे ठेवता येतो, विक्रेत्यांकडून पडताळून घेता येतो.

विक्री तेवढी घटण्याची शक्यता किती, हे मात्र ही पद्धत सांगत नाही, आणि किंमत व नग एकाच वेळी घसरले तर एकट्या नगांची १०.६ टक्के ही मर्यादा अपुरी पडते. तुमच्याकडे त्याच प्रकारच्या अनेक उत्पादनांच्या विक्रीच्या जुन्या नोंदी असतील, तर अपेक्षित एनपीव्ही बहुधा अधिक उपयोगी ठरेल. तशा नोंदी नसतील, तर मी आधी संवेदनशीलता काढेन आणि संभाव्यतांचा तक्ता तोट्याची खोली दाखवण्यापुरता सोबत जोडेन.